व्हिएतनामी दर्शक सर्वनामं: दोन पेल्यांनी अंतराचा तक्ता मोडला

मागच्या नोंदीतला तक्ता आठवत असेल. बोलणाऱ्याजवळ नय, ऐकणाऱ्याजवळ दॉ, दोघांपासून लांब किअ, आणि आधी बोलण्यात आलेल्यासाठी अय. या आठवड्यात तो मोडला. मोडला याचा आनंदच आहे, कारण त्याच्या जागी आलेली मांडणी जास्त पक्की वाटते.

नेहमीप्रमाणे सूर नेमका कळावा म्हणून व्हिएतनामी टाइप करण्याच्या टेलेक्स पद्धतीतल्या कळा देतो: `f` उतरता, `s` चढता, `r` खाली जाऊन वर येणारा, `j` दाबून तोडलेला. नय म्हणजे `nayf`, दॉ म्हणजे `ddos`, अय म्हणजे `aays`, आणि किअ सपाट सुराचा, `kia`. कीबोर्डवर आकडे दाबून सूर देणारी व्हीएनआय पद्धतही वापरून पाहिली, पण टेलेक्सच्या वेगाला ती येत नाही. नव्यांनी सरळ टेलेक्सच शिकावं.

तर, पेले. हनोईच्या मैत्रिणीसोबत व्हिडिओ कॉल चालू होता. तिच्यापुढे टेबलावर दोन पेले होते, दोन्ही हाताच्या अंतरावर. ती सहज म्हणाली:

```
coocs nayf nongs, coocs kia nguooij
```

हा पेला गरम आहे, तो निवला आहे. पण ज्याला तिने किअ लावलं तो पेला वीतभरच लांब होता! तक्त्याप्रमाणे किअ दूरच्या वस्तूला हवं. मग तिला पेले हलवायला सांगितलं. दोन्ही एकमेकांना चिकटवले, तरी एक नय आणि दुसरा किअ. एक फडताळात ठेवला, तरी तेच. त्यानंतर टेबलावर एकच पेला ठेवून त्याच्याबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा किअ नाहीसं झालं आणि नुसतं नय उरलं. म्हणजे जवळ असताना किअ यायला शेजारी जोडीदार लागतो. किअ मुळात ‘यातला नव्हे, पलीकडचा’ असं सांगतं. अंतर हा पलीकडे असण्याचा एक प्रकार झाला. बेन किअ, म्हणजे ‘पलीकडची बाजू’, हे नदीच्या दुसऱ्या काठालाही चालतं आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेलाही, मग तो रस्ता चार पावलांचा का असेना.

माझ्या हातातल्या पेल्याला मात्र तिने किअ लावलं नाही. मी हजारो किलोमीटर लांब, तरी तिने दय वापरलं, `ddaays`, म्हणजे उत्तरेत दॉच्या जागी सर्रास येणारा शब्द. वस्तू ऐकणाऱ्याजवळ आहे, एवढंच तिथे मोजलं गेलं. तुमच्याकडे किती वाजले, हेही ती `been ddaays` म्हणूनच विचारते. म्हणजे तक्त्याचा मधला खण शाबूत राहिला.

इथे एक त्रासदायक गोष्ट सांगायलाच हवी. ‘इथे’ सपाट सुरात `ddaay`, ‘तिथे’ चढत्या सुरात `ddaays`, फरक तेवढाच. फोनवर घाईत सूरखुणा न देता लिहिणारे दोन्ही `day` असेच लिहितात. त्यामुळे चॅटमधून उदाहरणं गोळा करण्याचा बेत सोडला. यापुढे फक्त आवाज.

आता ज्यात सगळा वेळ गेला ते अय. व्याकरणाची पुस्तकं ‘आधी उल्लेख झालेलं’ एवढं सांगून थांबतात. पण आधी उल्लेख झालेल्याला दॉ चालतं आणि नयही चालतं. बातम्यांत एखाद्या माणसाचं नाव येऊन गेलं की पुढच्या वाक्यात ओंग नय, शब्दशः ‘हे गृहस्थ’, असं बिनदिक्कत लिहितात. मग अयचं वेगळेपण काय? यासाठी दोन वाक्यांची गोष्ट घेतली:

```
hoom qua em gawpj mootj oong giaf.
oong aays bans phowr.
```

काल मला एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते फो विकतात. मग दुसऱ्या वाक्यात एकेक शब्द बदलून मैत्रिणीला ऐकवला. ओंग दॉ तिला चाललं. ओंग किअ म्हणताच तिने विचारलं, कुठले? गोष्टीत दुसरा कुणीतरी माणूस शिरला, असं तिला वाटलं. पेल्यांचा नियम इथेही लागू पडला, हे पाहून फार बरं वाटलं.

खरा उलगडा बोटाने झाला. तिच्या खिडकीबाहेर तारेवर पक्षी बसला होता. बोट दाखवून कॉन चिम किअ म्हणणं सहज. कॉन चिम दॉसुद्धा जमतं. पण बोट दाखवून कॉन चिम अय म्हटलं की तिला ते विचित्र वाटतं. बोट खाली घेतलं आणि कालच्या पक्ष्याबद्दल बोलायला लागलो की अय लगेच बसतं. म्हणजे अय डोळ्यांसमोरच्या जागेकडे जात नाही, दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीकडे जातं. म्हणूनच नाव आठवेना की ‘काइ अय’, आपलं ‘ते हे’, चालतं; समोरच्याला अंदाज येईल असा भरवसा त्यात असतो. जपून वापरा, कारण आडवळणाने गुप्त अवयवांबद्दल बोलतानाही हेच म्हणतात. आणि म्हणूनच नात्याच्या शब्दांना जोडून ‘तो, ती, ते’ यांचं काम अय करतं: आन अय, ची अय, को अय, बा अय.

मराठी माणूस नेमका इथे अडकतो. आपल्या ‘तो’मध्ये लांबचा, मघाचा आणि तृतीय पुरुष, तिघेही एकत्र राहतात. व्हिएतनामीत लांबच्याचं घर वेगळं. ‘तो’ तोंडात येण्याआधी ठरवायला हवं: दाखवतोय की आठवतोय?

दक्षिणेकडचं कोडं अजून बाकी होतं. कान थोच्या मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये अय सापडतच नव्हतं, आणि तरी तो लोकांबद्दल सारखा बोलत होता. प्राट या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये सुराची रेघ काढली तेव्हा उलगडलं. बा या शब्दाचा उतरता सूर त्याच्या तोंडी खाली जाऊन पुन्हा वर येत होता, म्हणजे `baf` नव्हे, `bar`. दक्षिणेत अय नामात विरघळून फक्त सुरात उरतं: ओंग अयचं `oongr`, आन अयचं `anhr`, ची अयचं `chir`, को अयचं `coor`. ‘तिकडे’साठी `beenr` आणि ‘त्या दिवशी’साठी `hoomr` हेही त्याच साच्यातले. प्राट फुकट आहे आणि या कामाला पैसे देऊन घेतलेल्या ॲपपेक्षा उजवं. फक्त बायकांच्या आवाजासाठी सुराची मर्यादा १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा, नाहीतर रेघ मध्येच उड्या मारते.

पुढे फ्लॅशकार्डं करणार होतो, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. किअ काळातही पलीकडचं दाखवतं, तेही दोन्ही दिशांना: होम किअ म्हणजे गेलेला परवा, ङय किअ म्हणजे येणारा परवा. सूर उतरता केला, `kiaf`, की एक दिवस आणखी पलीकडे, म्हणजे आपला तेरवा. पक्ष्याकडे बघ म्हणतानाही ती `kia kiaf` असंच म्हणाली होती. सूर उतरवून आणखी लांब सरकवण्याची ही युक्ती जागेसाठीही तशीच चालते का, हे आता वेगवेगळ्या अंतरांवर तपासायचं आहे, आणि त्यासाठी टेबल सोडून गच्चीवर जावं लागेल.

त्यानंतर मध्य व्हिएतनाममधलं ह्युए. तिथे नयला नी, किअला ते आणि अयला न म्हणतात (`ni`, `tee`, `nows`). बोटाची चाचणी `nows` वर घ्यायची आहे. ह्युएकडचा कुणी बोलायला तयार असेल तर कळवा. प्रश्नांची यादी तयार आहे.