बाकी काढायची ती मूळ संख्येनेच का?

“स्ट्रिंगचा हॅश काढताना दर वेळी मूळ संख्येने भागायचा खटाटोप कशाला? ६४ बिटांचा आकडा ओसंडला की २ च्या ६४ व्या घाताची बाकी फुकटात मिळतेच की!”

हा मोह मलाही झाला होता, आणि त्याचे फळ मला मराठी शब्दांनीच दाखवले. काही वर्षांपूर्वी मी मराठी मजकुराची शब्दसूची तयार करत होतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत, तेव्हा प्रत्येक वर्णचिन्हाला त्या विभागातील क्रमांक द्यावा आणि सबंध शब्द म्हणजे १२८ पायातील एक मोठी संख्या मानावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटले. आतापर्यंतच्या हॅशला १२८ ने गुणायचे, पुढच्या चिन्हाचा क्रमांक मिळवायचा आणि ३२ बिटांपलीकडचे जे काही असेल ते ओसंडून जाऊ द्यायचे, इतकीच कृती होती. सूची चालली, पण शोध विलक्षण मंद होता. म्हणून हॅश सारखा आल्यामुळे एकाच खणात पडलेल्या शब्दांची सर्वांत लांब साखळी छापून पाहिली, तर ‘करण्यासाठी’, ‘बोलण्यासाठी’, ‘घरासाठी’, ‘देशासाठी’ अशी व्याकरणाच्या पुस्तकात शोभेल अशी यादी समोर आली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. १२८ म्हणजे २ चा सातवा घात, त्यामुळे १२८ चा पाचवा घात म्हणजे २ चा ३५ वा घात होतो, आणि त्याला २ च्या ३२ व्या घाताने भागले की बाकी शून्य उरते. म्हणजे शेवटच्या पाच चिन्हांच्या आधी काय आहे, याचा हॅशला पत्ताच नव्हता, आणि पाचव्या चिन्हाचेही फक्त खालचे चार बिट शिल्लक राहत होते. वरच्या चारही शब्दांची शेवटची पाच चिन्हे काना, स, काना, ठ आणि दुसरी वेलांटी हीच आहेत. ज्या भाषेत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेवटी चिकटतात, तिच्यासाठी याहून वाईट हॅश मुद्दाम ठरवूनही रचता आला नसता.

पाया आणि भाजक यांत सामाईक अवयव असला की असे होते. त्यामुळे पाया १३१ केल्यावर, म्हणजे विषम केल्यावर, सूची ठीक चालू लागली, आणि साध्या मजकुरापुरते ते पुरेही होते. मात्र येथेच पुष्कळांची समजूत चुकते. पाया मूळ संख्या असला म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते, आणि दाखला म्हणून ते जावाच्या `hashCode` मधील ३१ कडे बोट दाखवतात. तेथे पाया ३१ हा मूळ आहे खरा, पण भाजक २ चा ३२ वा घातच आहे. मूळ असायला हवा तो भाजक.

का, ते पाहण्यासाठी हॅशकडे पायाच्या बहुपदीसारखे पाहावे लागते. समान लांबीच्या दोन वेगळ्या स्ट्रिंगांचे हॅश जुळतात, म्हणजे त्यांच्या बहुपदींची वजाबाकी आपण निवडलेल्या पायासाठी शून्य होते. थोडक्यात, तो पाया त्या वजाबाकीचे मूळ असतो. (मराठीत ‘मूळ संख्या’ आणि ‘समीकरणाचे मूळ’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग नेमके या विषयात एकमेकांना भिडतात, त्याला माझा इलाज नाही.) जावात `Aa` आणि `BB` या दोघांचा हॅश २११२ येतो, हे प्रसिद्ध आहे. पायाला `x` मानून त्यांची वजाबाकी केली तर `x - 31` एवढीच उरते, आणि पाया ३१ च असल्यामुळे ती शून्य होते.

मग प्रश्न उरतो तो असा की, अशा वजाबाकीला मुळे किती असू शकतात? भाजक मूळ संख्या असेल, तर दोन संख्यांच्या गुणाकाराची बाकी शून्य येण्यासाठी त्यांपैकी एकीची तरी बाकी शून्य असावीच लागते, आणि त्यामुळे n घाताच्या बहुपदीला n पेक्षा जास्त मुळे नसतात. भाजक संयुक्त असला की हा आधारच सुटतो, कारण ८ ने भागताना २ आणि ४ यांपैकी कोणीही शून्य नसून त्यांचा गुणाकार मात्र शून्य ठरतो. `x^2 - 1` ला ७ ने भागताना १ आणि ६ अशी दोनच मुळे मिळतात. ८ ने भागताना १, ३, ५ आणि ७ अशी चार मिळतात, म्हणजे झाडून सगळ्या विषम संख्या.

२ च्या ६४ व्या घाताच्या बाबतीत हीच गोष्ट टोकाला नेता येते. `a` पासून सुरुवात करावी आणि दर वेळी आहे त्या स्ट्रिंगला तिचीच `a`-`b` ची अदलाबदल केलेली प्रत जोडावी: `ab`, `abba`, `abbabaab`. थू आणि मोर्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा क्रम दहा वेळा वाढवला की लांबी १०२४ होते. आता ही स्ट्रिंग आणि `a`-`b` ची अदलाबदल केलेली तिची जोडीदार यांची वजाबाकी केली, तर ती अवयवांत अशी सुटते:

```
(a - b) * (x - 1)(x^2 - 1)(x^4 - 1) ... (x^512 - 1)
```

x विषम असेल तर पहिल्या कंसाला किमान २ ने, दुसऱ्याला ८ ने, तिसऱ्याला १६ ने भाग जातो, आणि पुढच्या प्रत्येक कंसात २ चा एकेक घात वाढत दहाव्यात तो ११ होतो. १ आणि ३ ते ११ यांची बेरीज बरोबर ६४ भरते. म्हणजे पाया कोणताही विषम घ्या, तो यदृच्छेने निवडा किंवा गुप्त ठेवा, या दोन स्ट्रिंगांचे हॅश जुळणारच. आणि सम पाया घेतला तर फार तर शेवटची ६४ चिन्हेच मोजली जातात, म्हणजे माझ्या ‘साठी’ची मोठी आवृत्ती. समोरच्याला पाया ठाऊक नसताना हॅश मोडता येतो, हा या पद्धतीचा खरा दोष आहे.

मूळ भाजकाने हा डाव चालत नाही, पण पाया कार्यक्रम सुरू होताना यदृच्छेने निवडला तरच. तसे केल्यास आधीच ठरलेल्या दोन n लांबीच्या स्ट्रिंगा जुळण्याची शक्यता साधारण n भागिले भाजक यापेक्षा जास्त नसते. भाजक मात्र पुरेसा मोठा हवा. १०००००००७ हा आवडता आकडा एका जोडीसाठी ठीक आहे. पण एक लाख स्ट्रिंगा एकमेकींशी ताडल्या तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात, आणि त्यांत चारपाच खोट्या जुळण्या अपेक्षितच धराव्या लागतात. म्हणून मी `2^61 - 1` घेतो. ती मूळ संख्या आहे आणि तिची बाकी काढायला भागाकारही लागत नाही:

```cpp
uint64_t mul(uint64_t a, uint64_t b) {
    const uint64_t M = (1ULL << 61) - 1;
    __uint128_t t = (__uint128_t)a * b;
    uint64_t r = (uint64_t)(t & M) + (uint64_t)(t >> 61);
    return r >= M ? r - M : r;
}
```

२ चा ६१ वा घात येथे १ च्या बरोबरीचा ठरतो, त्यामुळे गुणाकाराचे वरचे बिट उचलून खालच्यांत मिळवले की झाले. तुम्ही म्हणता तो खटाटोप एवढाच आहे.

चिन्हांना क्रमांक मात्र शून्यापासून न देता १ पासून द्यावेत, नाहीतर शब्दाच्या सुरुवातीला शून्य क्रमांकाचे चिन्ह कितीही वेळा आले तरी हॅश तोच राहतो. आणि सूची डिस्कवर साठवत असाल तर यदृच्छेने निवडलेला पायाही तिच्याच फाइलमध्ये लिहून ठेवावा. मी एकदा तो लिहायला विसरलो आणि दुसऱ्या दिवशी सूचीत एकही शब्द सापडेना.