बुद्धपौर्णिमेची पांढरी-पिवळी मांडणी: दिवे लावले की फिकट पिवळा जातो कुठे?

यंदाची बुद्धपौर्णिमा १ मेला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीलाच आली आहे. संध्याकाळच्या वंदनेला घरात गर्दी होणार, म्हणून मांडणीची रंगीत तालीम आधीच उरकून घेतली. घर ठाण्यात, कोपरीत. हॉलची पांढरी भिंत, तिला लागून साडेतीन फुटी बुटकं टेबल, त्यावर धुऊन कडक इस्त्री केलेलं मांजरपाट. मधोमध फूटभर उंचीची पांढरी बुद्धमूर्ती, डावीकडे बाबासाहेबांची तसबीर. मूर्तीच्या खालून टेबलाच्या पुढच्या कडेवर उतरणारी फिकट पिवळ्या कापडाची एकच पट्टी. बाकी दिवे आणि फुलं. चमचमत्या माळा नाहीत, थर्माकोलची कमान तर नाहीच.

दिवसाउजेडी सगळं मनासारखं होतं. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून मूर्तीमागचा वॉर्म व्हाइट दिवा आणि पुढचे तेलाचे दिवे लावले, आणि पिवळी पट्टी गायब. म्हणजे कापड होतं तिथेच, पण मांजरपाटात असं मिसळून गेलं की शिवणीवरून ओळखावं लागलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली आणि तिने भलतंच विचारलं, "अगं, बाबासाहेबांचा कोट काळा का दिसतोय?" तसबिरीतला कोट निळा आहे, आणि आमच्या घरात तो निळाच दिसायला हवा.

दोन्हींचं कारण एकच. फिकट पिवळं कापड पांढऱ्यापेक्षा वेगळं दिसतं ते फक्त थोडा निळा प्रकाश गिळून टाकतं म्हणून. ज्योतीचा प्रकाश साधारण १९०० केल्विनचा, वॉर्म व्हाइट बल्बचा २७०० ते ३०००. या उजेडात निळा भाग मुळातच कमी. गिळायला निळं उरलंच नाही तर पिवळं आणि पांढरं सारखंच दिसणार, आणि परत पाठवायला निळं मिळालं नाही तर निळा कोट काळवंडणार. शिवाय सगळी खोलीच पिवळ्या उजेडात असली की डोळा थोड्या वेळात त्यालाच पांढरं समजायला लागतो.

म्हणून कापडवाल्याकडून पॉपलिनचे तीन नमुने आणले: क्रीम, लेमन आणि फिकट हळदी. मांजरपाटावर ओळीने टाचले आणि एकेका उजेडात पाहिले. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली तिन्ही वेगळे, पण लेमनवर हिरवट झाक आणि ज्योतींचा प्रभाव शून्य. नुसत्या दिव्यांच्या उजेडात क्रीम पूर्ण नाहीसा, लेमन क्रीमसारखा, आणि फिकट हळदी नेमका मला हवा होता तसा मंद पिवळा. दुकानात हा हळदी तुकडा भडक वाटत होता, हातात घ्यावासाही वाटत नव्हता. तेव्हा कापड निवडायचं ते दिव्याखाली, आणि डोळ्यांना योग्य वाटणाऱ्या छटेपेक्षा एक पायरी गडद. पारखताना फोनच्या फोटोवर मात्र विसंबू नका. कॅमेरा व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलतो आणि फरक पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये तो ४००० वर पक्का करून मगच तुलना करा.

कोटाचा प्रश्न कापडाने सुटणारा नव्हता. तिथे बल्ब बदलला. मूर्तीमागे आता ३ वॉटचा ४००० केल्विनचा बल्ब आहे, खोक्यावर नॅचरल व्हाइट लिहिलेला. तो भिंतीकडे तोंड करून मूर्तीच्या पाठीआड लपवला आहे, त्यामुळे भिंतीवरून परतलेला उजेडच खोलीत येतो. भिंत खरोखर पांढरी दिसते, आणि तिच्या शेजारी ज्योतींचा पिवळेपणा उलट उठून दिसतो. तसबिरीचं तोंड भिंतीला समांतर न ठेवता थोडं आतल्या बाजूला वळवलं, की परतलेला उजेड तिच्यावर पडून निळा निळा दिसतो. काचेवर ज्योतींचं प्रतिबिंब पडत होतं. फ्रेमच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सारून ती किंचित पुढे झुकवली, तेही गेलं. "शांत उजेड म्हणजे वॉर्म व्हाइट" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण पांढऱ्या मांडणीला मला ते पटत नाही. उजेड शांत होतो तो कमी असल्याने आणि बल्ब थेट डोळ्यांत न गेल्याने.

बाबांची हरकत वेगळी होती: "सगळं पांढरं-पिवळंच? पंचशील ध्वज कुठाय?" ध्वज दाराबाहेर लागणार आहे, पाचही रंगांसकट. टेबलावर मात्र नाही. बाबा तूर्त गप्प आहेत.

आता दिवे. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद ठेवून वंदना होणं शक्य नाही, आणि उघडी मेणबत्ती पंख्याखाली एका बाजूने ओघळते, धूर सोडते. म्हणून पाण्यावरचे दिवे घेतले. सरळ उंच काचेच्या ग्लासात पाणी, वर दीड सेंटिमीटर तिळाच्या तेलाचा थर, त्यावर तरंगणारी कॉर्कची चकती आणि तिच्यात वात. तेलाचा थर स्वतःच फिकट सोनेरी दिसतो, हा वरचा फायदा. तेल संपत आलं की वात तडतडते आणि पाण्याला टेकून आपोआप विझते, त्यामुळे गर्दीतही धाकधूक कमी. काठ ज्योतीच्या जेमतेम वर असावा. तेल फार खाली असलं तर वारा लागत नाही, पण हवाही पुरत नाही. ज्योत लांबट होऊन काचेच्या तोंडाशी काजळीचं कडं धरलं, की समजायचं पाणी वाढवायला हवं. वात चकतीवर अर्धा सेंटिमीटरच ठेवायची.

फुलांनाही तोच नियम लागू पडला. फिकट पिवळी शेवंती दिव्याखाली पांढरीच दिसते, तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पिवळ्यासाठी सोनचाफा, तोही पसरट पांढऱ्या वाडग्यात पाण्यावर, कारण पाकळी दाबली की लगेच तपकिरी डाग पडतो. पांढऱ्यासाठी मोगरा. जांभळी नाक्यावरून दुपारी घट्ट कळ्या आणायच्या, ओल्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात, फ्रीजमध्ये, आणि संध्याकाळी बाहेर काढायच्या. उमलतात त्या वंदनेच्या सुमाराला. घरात आंब्याची पेटी उघडलेली असेल तर फुलं तिच्यापासून लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या एथिलीनने बरीच फुलं लवकर मान टाकतात. निशिगंध यंदा गाळला. मोगरा, चाफा, अगरबत्ती आणि वर निशिगंध म्हणजे डोकं धरायची वेळ. तशीही फुलं रात्रीपर्यंत कोमेजणारच, पुष्पपूजेच्या गाथेतच आहे ते: "पुप्फं मिलायति यथा इदं मे".

उरलेलं काम खिडकीचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, आणि उन्हाळ्यात पूर्वेच्या जरा दक्षिणेकडून. आमच्याकडून तो पारसिकच्या डोंगराआडून येणार, म्हणजे थोडा उशिराच. तो दिसावा म्हणून पडदा बाजूला करायचा, तर समोरच्या इमारतीच्या जिन्यातला पांढराफटक दिवा थेट तसबिरीच्या काचेवर येतो. त्यावर खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला मांजरपाटाचा उरलेला तुकडा लावून बघणार आहे. डिमरही डोक्यात होता, पण माझा बल्ब डिमरवर चालणारा नाही, तो लुकलुकतो. उजेड जास्त वाटलाच तर बल्ब भिंतीच्या आणखी जवळ सरकवेन.