सोलरवाल्याला नकार दिला, संबंध न बिघडवता : माझा अनुभव

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, पुण्यात कोथरूडला, तीन विंग, ४८ फ्लॅट, बिल्डिंग साधारण वीस वर्षांची. पगार शून्य आणि फोन रात्री अकरापर्यंत, ज्यांनी हे काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तर आमच्याकडे गच्चीवर सोलर लावायचं एक प्रपोजल आलं होतं, चांगलं होतं, माणसं पण चांगली होती, आणि तरी आम्हाला नाही म्हणायचं होतं. ते कसं म्हटलं ते लिहितोय कारण बऱ्याच सोसायट्यांमध्ये असं प्रपोजल आलं की "मीटिंगमध्ये ठेवतो, कळवतो" म्हणून महिनोन्महिने लटकवून ठेवतात आणि मग फोन उचलायचं बंद करतात, मला ते पटत नाही.

आधी प्रपोजल काय होतं ते सांगतो. कंपनी स्वतःच्या पैशाने २५ किलोवॅटचा प्लांट लावणार, सोसायटीने एक रुपया घालायचा नाही, त्यातून जी वीज तयार होईल ती फक्त आपण २० वर्षं कंपनीकडून ६ रुपये युनिटने घ्यायची. याला रेस्को मॉडेल म्हणतात. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे २५ ला रोजचे शंभर, महिन्याला तीन हजार, आणि आमचं लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे मिळून साधारण तेवढंच जातं. जागा किलोवॅटला शंभरेक स्क्वेअर फूट लागते, ती पण होती. त्यांचा इंजिनिअर येऊन टाक्यांची आणि शेजारच्या उंच बिल्डिंगची सावली कुठे कधी पडते ते मोजून गेला, पॅनलचा नीट लेआउट काढून दिला, कमिटीसमोर प्रेझेंटेशन दिलं. मेंबर एकदम खूश, एक काका तर म्हणाले आता मेंटेनन्स कमी करा.

घोडं अडलं ते गच्चीपाशी. आमच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर आहे, बी विंगच्या वरच्या दोन फ्लॅटमध्ये दर पावसाळ्यात ओल येते, वॉटरप्रूफिंगचं काम काढणं आता टाळता येणार नाही. ते झाल्याशिवाय वर काही उभं करण्यात अर्थच नाही, कारण कोब्यात अँकर ठोकले तर तिथूनच पाणी मुरतं, आणि न ठोकता सिमेंटचे ब्लॉक ठेवून स्ट्रक्चर उभं केलं (हे लोक तसंच करणार होते, चांगली पद्धत आहे) तरी त्याखालची जागा दुरुस्तीला मोकळी मिळत नाही, सगळं उतरवावंच लागतं. मग मी करारात बघितलं की उतरवायचं झालं तर काय. काढणं आणि परत बसवणं सोसायटीच्या खर्चाने, शिवाय प्लांट बंद असेल तेवढ्या दिवसांची वीज तयार झालीच असं धरून त्याचे पैसे द्यायचे. म्हणजे दोन महिने काम चाललं तर ६००० युनिट गुणिले ६, छत्तीस हजार रुपये नुसतेच, आणि त्या दोन महिन्यांचं महावितरणचं बिल वेगळं.

यात कंपनीची काही लबाडी होती असं नाही हं. पैसा त्यांनी घातलाय, त्यांच्यामागे फायनान्सवाला आहे, प्लांट बंद राहिला तर त्यांचा हप्ता थांबत नाही, म्हणून ते कलम असतं. आम्ही विचारलं होतं काढता येईल का, ते म्हणाले दिवसांची थोडी सूट देऊ पण कलम राहणार. ठीक आहे, त्यांची बाजू बरोबर, आमची पण बरोबर, म्हणजे जमत नाही.

कमिटीच्या मीटिंगमध्ये तासभर चर्चा झाली आणि ठराव लिहून घेतला की हे प्रपोजल नाकारायचं, आधी वॉटरप्रूफिंग, त्यानंतर सोलरसाठी नव्याने कोटेशन मागवायची. हा ठराव मिनिट्स बुकात आधी लिहिणं फार उपयोगी पडतं, कारण नंतर व्हेंडर एकेकाला गाठतो आणि प्रत्येक मेंबर आपल्या मनाने वेगळं काहीतरी बोलून बसतो. आमच्यात असं ठरलं की या विषयावर फक्त सेक्रेटरी बोलणार, बाकीच्यांनी फोन आला तर "सेक्रेटरींशी बोला" एवढंच म्हणायचं.

मग प्रश्न कारण काय सांगायचं. अध्यक्षकाका म्हणाले, "अरे रेट जास्त वाटला सांग, वाईट वाटत नाही कुणाला." मी म्हटलं काका, रेट सांगितला तर तो उद्या रेट कमी करून येईल, मग आपण काय करणार? शिवाय रेट हे कारण नव्हतंच. जे कारण समोरच्याला सूट देऊन मिटवता येतं ते सांगितलं की तो नकार राहत नाही, घासाघीस सुरू होते, आणि खोटं कारण असेल तर आपणच अडकतो. खरं कारण गच्चीचं होतं, तेच सांगायचं ठरलं. कलमाचा पण उल्लेख करायचा पण "तुमच्या अटी जाचक आहेत" अशा भाषेत नाही.

पत्र पाठवायच्या आधी फोन केला. कंपनीच्या ज्या मुलाने एवढी धावपळ केली त्याला नकार एकदम मेलवर वाचायला लावणं बरं दिसत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला केला, पहिल्याच वाक्यात सांगितलं, "कमिटीने प्रपोजल न घ्यायचं ठरवलंय, कारण सांगतो आणि आज संध्याकाळपर्यंत पत्र पाठवतो." आधी पाच मिनिटं कौतुक करून मग 'पण' लावला की समोरच्याला ते कौतुकही खोटं वाटतं. तो थोडा गप्प झाला, मग अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "सर, मालकांशी बोलून साडेपाच रुपयांना बसवून देतो." मी म्हटलं रेटचा विषय नाहीये, चार रुपये केलात तरी गच्ची तीच आहे.

मग त्याने खरा अवघड चेंडू टाकला, "सर मग वॉटरप्रूफिंग पण आम्हीच करून देतो, एकत्र पॅकेज." क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण वॉटरप्रूफिंगचं काम ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार, गॅरंटी कुणाची, गळती झाली तर कोबेवाला म्हणणार सोलरच्या ब्लॉकमुळे झालं आणि सोलरवाला म्हणणार कोबा कच्चा होता, आणि इथे तर दोघं एकाच बिलात. शिवाय एवढ्या रकमेच्या कामाला आम्हाला वेगळी कोटेशन घेऊन जनरल बॉडीपुढे जावं लागतं. तर सरळ म्हटलं, "नाही, ती दोन कामं आम्ही वेगळीच ठेवणार, हे प्रपोजल इथे बंद समजा." हे 'बंद समजा' म्हणताना जीभ जड होते, पण ते म्हणायलाच लागतं, नाहीतर तो पोरगा महिन्याच्या टार्गेटमध्ये आपलं नाव धरून बसतो आणि दर सोमवारी फोन करतो.

पत्र असं गेलं, नावगाव काढून जसंच्या तसं देतो, कुणाला उपयोग झाला तर घ्या:

"स. न. वि. वि.
आपल्या २५ किलोवॅट सौर प्रकल्पाच्या प्रस्तावावर व्यवस्थापक समितीच्या सभेत चर्चा झाली. हा प्रस्ताव स्वीकारता येणार नाही असा समितीचा निर्णय झाला आहे व सध्याचा प्रस्ताव आमच्या बाजूने बंद करत आहोत.
कारण असे की गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणे आवश्यक झाले आहे. त्याआधी प्रकल्प उभारल्यास तो उतरवण्याचा खर्च आणि त्या काळातील विजेचे शुल्क सोसायटीवर येते. आपल्या दराबाबत किंवा कामाबाबत तक्रार नाही.
आपण केलेली सावलीची पाहणी व लेआउट उपयुक्त होते, त्याबद्दल आभार. ही कागदपत्रे आम्ही इतर कोणत्याही पुरवठादाराला दाखवणार नाही.
वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर आम्ही सोलरसाठी नव्याने कोटेशन मागवू, तेव्हा आपल्यालाही कळवू. त्या वेळी सोसायटीने स्वतः खर्च करण्याचा पर्याय, तसेच गच्ची दुरुस्तीसाठी प्रकल्प उतरवण्याचे स्वतंत्र दर दिल्यास तुलना करणे सोपे जाईल. निवड त्या वेळच्या कोटेशनवरूनच होईल, याची कृपया नोंद घ्यावी."

शेवटच्या परिच्छेदावर आमच्या खजिनदार ताईंशी बरीच वादावादी झाली. त्यांचं म्हणणं 'पुढे नक्की तुमच्यासोबत काम करू' असं लिहा, बरं वाटतं. मी नको म्हटलं. नक्की म्हणजे काय, उद्या कमिटी बदलली, दुसरं कोटेशन स्वस्त आलं, तर हेच पत्र तो समोर ठेवेल. पण नुसतं 'भविष्यात संधी मिळाल्यास' लिहिलं तर ते लग्नाच्या स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' कळवल्यासारखं होतं, पुढे काही होणार नाही हे दोघांनाही कळतं. म्हणून कधी, कशानंतर आणि काय घेऊन यायचं एवढं लिहिलं, ऑर्डरचं वचन दिलं नाही. स्वतः खर्च करायचा पर्याय मुद्दाम घातला कारण पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे, म्हणजे २५ ला साडेचार लाख, आणि प्लांट आपला असला की बंद काळातल्या विजेचे पैसे कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही.

लेआउटचं वाक्य मात्र माझ्या हट्टाने गेलं. आमच्यातल्याच एकाने लगेच तो ड्रॉइंगचा पीडीएफ दुसऱ्या सोलरवाल्याला फॉरवर्ड करायचं सुचवलं होतं, "फुकट मिळालंय तर वापरू की." त्या माणसाने आपला इंजिनिअर उन्हात दोन तास गच्चीवर उभा केला होता, त्याचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि परत त्यालाच कोटेशन मागायचं हे कुठल्या तोंडाने?

नंतर अपेक्षेप्रमाणे कंपनीच्या मालकांचा फोन अध्यक्षकाकांना गेला, कॉमन ओळख निघाली, काकांनी ठरल्याप्रमाणे माझ्याकडे पाठवलं. मी तेच वाक्य परत सांगितलं, एक शब्द इकडे तिकडे नाही. पहिल्यापेक्षा मऊ बोललो असतो तर त्यांना वाटलं असतं अजून हलतंय. मालक जरा नाराज होते पण शेवटी म्हणाले, "चला, स्पष्ट सांगितलंत, बाकीचे तर फोनच घेत नाहीत," आणि वॉटरप्रूफिंग करताना पुढच्या स्ट्रक्चरसाठी पेडेस्टल, म्हणजे ठेंगणे खांब, आधीच स्लॅबपासून बांधून त्याभोवती कोबा करून घ्या, म्हणजे नंतर काही फोडावं लागणार नाही, असा सल्ला पण दिला. तो आम्ही वॉटरप्रूफिंगच्या टेंडरमध्ये घातलाय, फक्त किती आणि कुठे ते आमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल.

आता कोब्याची कोटेशन येताहेत, काम दिवाळीनंतर. पुढच्या वर्षी मी सेक्रेटरी असेन नसेन, म्हणून पत्राची प्रत, ठराव आणि सोलरसाठी ज्यांना कळवायचंय त्यांची यादी एका फाइलमध्ये लावून ऑफिसच्या कपाटात ठेवलीय, यादीत पहिलं नाव यांचंच आहे.