टाकीतले चार सेंटीमीटर

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक खुला प्रश्न देतो: एका घरात दिवसाला किती पाणी लागते, याचा अंदाज बांधा आणि प्रत्येक गृहीतकाचे कारण लिहा. उत्तराला गुण नसतात, कारणांना असतात. तरीही बहुतेक मुले सुरुवातीला नको त्या जागी अडकतात. यंदाच्या एका गटाने माणूस दिवसाला दोन लीटर पाणी पितो की तीन, यावर अर्धा तास घालवला. चार माणसांच्या घरात त्यामुळे एकूण उत्तर फार तर चार लीटरने बदलले असते. भांडी घासताना नळ किती वेळ चालू राहतो, हे मात्र कोणी विचारलेच नव्हते. एक लीटरचे भांडे नळाखाली धरून ते भरायला दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा लीटर, हे त्यांनी मोजल्यावर पंधरा मिनिटांचे नव्वद लीटर झाले आणि पिण्याच्या पाण्याचा वाद आपोआप मिटला.

या गटाने त्यांच्यातल्याच एका मुलाचे घर निवडले होते. आंघोळीची बादली वीस लीटरची असली तरी ती काठोकाठ कोणी भरत नाही, म्हणून त्यांनी सोळा लीटर धरले, तेही मापाने ओतून पाहून. चौघांचे चौसष्ट झाले. फ्लशचे माणशी पाच वेळा आठ लीटर, म्हणजे एकशे साठ. कपड्यांचे यंत्र आठवड्यातून पाचदा चालते आणि एका वेळी साठ लीटर घेते, म्हणून दिवसाला सुमारे त्रेचाळीस. स्वयंपाक, पिणे, हात धुणे आणि फरशी पुसणे यांचे पंचावन्न धरून बेरीज ४१२ लीटर आली. वहीत त्यांनी ‘सुमारे ४००’ लिहिले, याचे मला बरे वाटले.

मग पडताळणी. त्या घराच्या टाकीत येणारे पाणी एक दिवस बंद ठेवून पातळी मोजायची, असे ठरले. टाकी दंडगोलाकार, आतला व्यास ११० सेंटीमीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की साडेनऊ लीटर पाणी गेले. चोवीस तासांत पातळी ५८ सेंटीमीटर उतरली होती, म्हणजे ५५१ लीटर. तफावत १३९ लीटरची.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा त्यांचा नवा तक्ता तयार होता. फ्लश पाचऐवजी सात वेळा, भांडी पंधराऐवजी सत्तावीस मिनिटे, आणि बेरीज ५४८. मी खरे तर शाबासकी देणारच होतो, कारण प्रत्यक्ष मापाशी ताडून प्रतिमान सुधारावे, असे मीच शिकवले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, टाकीतून साडेतीनशेच गेले असते, तर ह्यांनी फ्लश तीन वेळा लिहिला असता का?” वर्ग हसला, पण गटातला कोणी हसला नाही. सत्तावीस मिनिटांना कारण काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते. आकडे जुळले होते, गृहीतके मात्र निराधार झाली होती.

मी त्यांना जुना तक्ता परत लावायला सांगितला आणि प्रश्न बदलला: तुमच्या यादीत नसलेले पाणी कोणत्या वेळी एकटे दिसेल? बराच वेळ शांतता होती. शेवटी ज्याचे घर होते तोच मुलगा म्हणाला, “सगळे झोपल्यावर.”

त्या रात्री त्याने अकरा वाजता आणि पहाटे पाच वाजता पट्टीने पातळी मोजली. सहा तासांत कोणी नळ उघडला नव्हता, फ्लश वापरला नव्हता, तरी पातळी चार सेंटीमीटर उतरली होती. अडतीस लीटर, दिवसाला सुमारे १५२. हे १३९ पेक्षा जास्त कसे, असे एकाने विचारलेच. पट्टीवर अर्ध्या सेंटीमीटरची चूक सहज होते आणि सहा तासांचे चोवीस करताना ती चौपट होऊन जवळजवळ वीस लीटर होते, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांना धरूनच आहेत, हे आम्ही फळ्यावर मांडले. मुलाने फ्लशच्या टाकीत रंग टाकून पाहिला. फ्लश न दाबताही काही वेळात रंग खाली भांड्यात उतरला.

अहवाल लिहिताना गटात पुन्हा भांडण झाले: गळती हा ‘वापर’ मानायचा का? शेवटी त्यांनी दोन उत्तरे लिहिली. घरातली माणसे सुमारे ४०० लीटर वापरतात; टाकीतून सुमारे ५५० लीटर जातात. आणि प्रश्नात ‘लागते’ म्हणजे नेमके काय, हे सरांनी आधी सांगायला हवे होते, अशी तळटीप माझ्यासाठी जोडली.