टबातलं विसर्जन: जर्मनीतला दहा दिवसांचा गणपती

लातूर-नांदेडहून दरवर्षी एकच प्रश्न येतो: तिकडं गणपती शिरवता कुठं? टाकून द्यायची कुठलीही घनवस्तू नदी-तळ्यात सोडायला जर्मनीच्या जलकायद्यानं मनाई आहे. त्यामुळं घर ऱ्हाईनच्या काठी असलं तरी विसर्जन टबातच.

टबात काय होणार, हे मूर्ती घेतानाच ठरतं. प्लास्टर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच किलोच्या मूर्तीला अडीच हजार लिटर पाणी लागेल. अमोनियम बायकार्बोनेट घालून प्लास्टर विरघळवता येतं, पण त्याचा उग्र वास बंद खोलीत सोसवत नाही. म्हणून शाडूच घ्यावा, तोही पारखून. मूर्तीच्या पाठीमागं पाण्याचा थेंब सोडावा. तो मुरला तर ठीक. मोत्यासारखा तसाच राहिला तर वरून ऑइलपेंट किंवा वार्निश आहे, आणि अशी शाडूची मूर्तीही लवकर विरघळत नाही. रोजचा अभिषेक सुपारीवर करावा. ओल चढलेली माती कोरड्या मातीपेक्षा हळू सुटते.

2025 मध्ये चतुर्थी बुधवारी, 27 ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी शनिवारी, 6 सप्टेंबरला. कामाच्या दिवशी सकाळची पूजा घरचेच उरकतात, आरती संध्याकाळी सातला. पोरांची नाटुकली, भजन, पाककृती असं सगळं मधल्या शनिवार-रविवारी. महालक्ष्म्यांचं जेवण त्या वर्षी सोमवारी आलं; पुरणासाठी रजा टाकावीच लागते. हॉल भाड्यानं असेल तर धूप-कापूर लावण्याआधी धुराच्या अलार्मचं विचारून घ्यावं. ढोल रात्री दहाच्या आत थांबवायचा.

आता विसर्जन. दीड फुटाच्या मूर्तीला शंभरेक लिटरचा, मूर्तीपेक्षा उंच टब लागतो. हार, जानवं, मणी, कापड आधी उतरवून घ्यावं. टबात जुनी सुती चादर अंथरून तिची टोकं बाहेर सोडावीत. उत्तरपूजा झाली की मूर्ती सावकाश आत ठेवावी, आणि मुकुटावर चार बोटं तरी पाणी राहील एवढा टब भरावा. इथंच चूक होते: पाणी कमी पडलं की खालची माती आधी सुटते, वरचा कोरडा भाग कलंडतो आणि तुटलेलं मुख पाण्याबाहेर दिसत राहतं. ते कुणालाच बघवत नाही. बुडबुडे येऊ लागले की माती पाणी पितेय असं समजावं. ढवळू नये, रातभर तसंच राहू द्यावं. काथ्या घातलेला असेल तर तो तेवढा उरतो.

दोन दिवसांत गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी नळीनं काढून झाडांना घालावं. ते गढूळ असताना बेसिनमध्ये ओतलं की पाइपच्या वाकणात माती बसते आणि प्लंबरचं बिल मूर्तीपेक्षा जास्त येतं. मग चारही टोकं धरून चादर उचलायची, गाठोडं बाल्कनीत टांगून निथळू द्यायचं. मळलेल्या कणकेइतका घट्ट झाला की गाळाचे गोळे करून वाळवायचे. पुढच्या वर्षी पोरांना याच मातीचा गणपती करता येतो.