शंभर कोणाचे?

गेल्या वर्षी निकाल 60 टक्के लागला होता, यंदा 66 टक्के लागला. या दोन आकड्यांवरून एक वाक्य लिहायचं होतं, वार्षिक अहवालात. निकालाची आकडेमोड दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे हात सरावलेला. मी लिहिलं, ‘यंदा उत्तीर्णांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले.’ मुख्याध्यापकांना ते वाक्य आवडलं. 10 हा आकडा तसाही भरदार दिसतो.

सभेत अहवाल वाचून झाला आणि मागच्या रांगेतले एक पालक उठले. म्हणाले, “सर, गेल्या वर्षी साठ होता. दहा वाढला म्हणजे सत्तर झाला. बाहेर फलकावर तर सहासष्ट लिहिलंय.”

मी म्हणालो, “दोन्ही बरोबर आहे.”

हे उत्तर देऊ नये. आकड्यांच्या बाबतीत ‘दोन्ही बरोबर’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती मला त्या दिवशी पुरेपूर मिळाली. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने तर हळूच कानाशी लागून विचारलं, “सहाच टक्के वाढलाय ना हो? दहा कुठून काढलेत?”

दहा कुठून काढले ते सांगतो. वाढ झाली 6 ची. ती कशावर झाली? 60 वर. साठाचे दहा टक्के म्हणजे सहा. म्हणून वाढ 10 टक्के. यात गणित चुकलेलं नाही. चुकलं ते वाक्य. ‘60 टक्क्यांवरून 10 टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य कानावर पडलं की ऐकणारा बेरीज करतो, कारण मोजमाप आणि वाढ या दोन्हींना आपण एकच नाव दिलंय. उंची 10 टक्क्यांनी वाढली म्हटलं तर कोणी उंचीत दहा मिळवत नाही. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वाढ टक्क्यांत, घोळाला जागाच नाही. निकाल मात्र स्वतःच टक्क्यांत असतो. टक्क्यांची वाढ पुन्हा टक्क्यांतच सांगितली की कोणता टक्का कुठला, हे वाक्यातून कळायची सोय राहत नाही.

यावर तोड म्हणून एक शब्द आहे, टक्केबिंदू. इंग्रजी वळणाचे लोक त्यालाच पर्सेंटेज पॉइंट म्हणतात. 66 वजा 60, उरले 6, ते 6 टक्केबिंदू. नुसती वजाबाकी. शब्द बरा आहे, पण बोलण्यात रुळलेला नाही. सभेत ‘सहा टक्केबिंदूंनी वाढ’ म्हटलं असतं तर त्या पालकांनी प्रश्न विचारला नसता, एवढंच; समजलं असतं असं नाही. व्याजदरांच्या जगात याच कटकटीतून सुटायला बेसिस पॉइंट वापरतात. एका टक्केबिंदूचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट, त्यामुळे दर पाव टक्का वाढला की ‘25 बेसिस पॉइंट’ म्हणून मोकळं होता येतं. निकालाला तो थाट शोभत नाही.

मला स्वतःला हा गुंता सुटला तो आपल्या जुन्या शब्दामुळे: शेकडा. शेकडा साठ म्हणजे शंभरांमागे साठ. टक्का म्हटलं की तो शंभर डोळ्यांआड होतो, शेकडा म्हटलं की समोर येऊन उभा राहतो आणि लगेच विचारावंसं वाटतं, शंभर कोणाचे?

गेल्या वर्षी परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांत साठ पास झाली, यंदा सहासष्ट. म्हणजे बसलेल्या शंभरांमागे सहा जण जास्त. हे झाले 6 टक्केबिंदू. आता बसलेली मुलं बाजूला ठेवा आणि फक्त पास झालेल्यांकडे बघा. तेवढीच मुलं बसली असतील, तर गेल्या वर्षी जिथे शंभर पास होत होती तिथे यंदा एकशेदहा होतील. ही 10 टक्के वाढ. आणि नापास झालेल्यांकडे कोणी बघतच नाही, तर तिकडेही एकदा बघू. शंभरांत चाळीस नापास होत होती, आता चौतीस. चाळिसातून सहा गेली. म्हणजे जिथे शंभर नापास होत तिथे आता पंच्याऐंशी होतात. नापासांत 15 टक्के घट!

सहा, दहा, पंधरा. मुलं तीच, निकाल तोच. दर वेळी फक्त शंभर बदलले. ज्याला जो आकडा सोयीचा त्याने तो उचलावा आणि खोटं बोलल्याचं पाप मुळीच लागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

या तिघांतला कोणता घ्यायचा, हे निकाल कुठल्या उंचीवर आहे त्यावर ठरतं असं मला वाटतं. ज्या परीक्षेत शंभरांत दोघेच पार पडतात, तिथे दोनाचे चार झाले तर ‘2 टक्केबिंदूंची वाढ’ हे फारच मिळमिळीत वाटतं. यश दुप्पट झालंय, ते तसंच सांगावं, मात्र शेजारी दोन आणि चार लिहून. उलट ज्या वर्गाचा निकाल आधीच 96 आहे, तो 98 वर गेला तर पासांची वाढ जेमतेम 2 टक्के भरते. अशा वर्गाने 10 टक्के वाढ दाखवावी अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर त्याला 105 टक्क्यांच्या वर निकाल लावावा लागेल. तिथे खरी गोष्ट नापासांच्या बाजूला घडलेली असते: शंभरांत चार होते, दोन राहिले, म्हणजे निम्मे. दोन्ही ठिकाणी टक्केबिंदू दोनच. आपला 60 आणि 66 चा मामला मधल्या पट्ट्यातला, तिथे साधी वजाबाकी सगळ्यात प्रामाणिक.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली तेही सांगायला हवं, कारण मी काही चलाखी करायला गेलो नव्हतो. मी तक्त्यात गेल्या वर्षीचा निकाल B2 मध्ये आणि यंदाचा C2 मध्ये ठेवला होता. शेजारच्या दोन रकान्यांत आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलेली ही दोन सूत्रं होती:

```
=C2-B2
=(C2-B2)/B2
```

पहिल्याचं उत्तर 6%, दुसऱ्याचं 10%. दोन्ही घरांना टक्क्यांचं रूप दिलेलं, म्हणून तक्त्याने दोघांच्याही शेपटीला तेच चिन्ह जोडून दिलं. पहिलं खरं तर टक्केबिंदू आणि दुसरं टक्के, पण पडद्यावर दोघे जुळे भाऊ. रकान्यांची शीर्षकंही ‘फरक’ आणि ‘वाढ’. माझं बोट ‘वाढ’वर गेलं. आता मी पहिलं सूत्र असं लिहितो आणि त्या घराला साध्या अंकाचं रूप देतो:

```
=(C2-B2)*100
```

उत्तर नुसतं 6 येतं, चिन्ह येत नाही. चिन्ह नसलं की माणूस क्षणभर थांबतो, हा सहा कशाचा म्हणून.

त्या पालकांनी नंतर मला व्हरांड्यात गाठलं. मी मघाची सगळी फोड त्यांना कागदावर करून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “ते ठीक आहे सर, पण पास झाली किती मुलं?”

गेल्या वर्षी 200 मुलं बसली होती, त्यातली 120 पास. यंदा 150 बसली, 99 पास. मी हे तोंडाने सांगता सांगताच अडखळलो. पास झालेली मुलं एकवीसने कमी झाली होती! 120 वर 21, म्हणजे साडेसतरा टक्के घट. आणि मी व्यासपीठावरून ‘उत्तीर्णांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले’ वाचून दाखवलं होतं. ‘प्रमाण’ हा शब्द होता म्हणून वाक्य वाचलं. तो गाळून ‘उत्तीर्ण 10 टक्क्यांनी वाढले’ असं लिहिलं असतं तर ते सरळ खोटं ठरलं असतं. एका शब्दाचं अंतर होतं. मग पुढचा प्रश्न आपोआप आलाच, की ती पन्नास मुलं कुठे गेली. त्यातली किती कच्ची म्हणून परीक्षेलाच बसली नाहीत? तसं असेल तर निकाल वर गेला तो शिकवण्यामुळे की चाळणीमुळे, हे ना टक्के सांगू शकत ना टक्केबिंदू. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

तेव्हापासून अहवालात मी चारही आकडे देतो, बसलेले आणि पास झालेले, दोन्ही वर्षांचे. वाक्य रुक्ष होतं. मुख्याध्यापक कुरकुरतात.

पुढच्याच वर्षी निकाल घसरून पुन्हा 60 वर आला. या वेळी वजाबाकीचं सगळ्यांनाच अचानक प्रेम आलं. ‘6 टक्केबिंदूंची घट’ असं लिहा, अशी सूचना झाली, कारण 66 वर 6 म्हणजे 9 टक्के, आणि सहा हे नवापेक्षा कमी दिसतात. चढताना दहा, उतरताना सहा. मी म्हटलं, मागच्या वर्षी वाढ टक्क्यांत सांगितली तर घटही टक्क्यांत सांगू, नाहीतर मागच्या अहवालाची दुरुस्ती छापू. दुरुस्ती कोणालाच नको होती. म्हणून ‘सुमारे 9 टक्के घट’ असं ठरलं.

मुख्याध्यापकांनी मसुदा वाचला, मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवला आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. “म्हणजे दहा वाढले होते, त्यातले नऊ गेले. अजून एक टक्क्याने आपण पुढेच आहोत ना?”

मी तक्ता उघडून दोन्ही टोकांचे आकडे त्यांच्यापुढे धरले. 60 आणि 60. ते बराच वेळ तो एक टक्का शोधत होते.