गवई नसलेलं स्तोत्र

आई जाऊन तीन महिने झाले तरी फ्रिजच्या दारात तिच्या इन्सुलिनच्या दोन कुप्या तशाच होत्या. दूध काढताना रोज दिसायच्या. एका रात्री हिशेबाच्या वहीची मागची पानं उघडून मी लिहायला बसलो, ते त्या कुप्यांमुळेच.

नमुना घेतला बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राचा. अवघी सहा वचनं: दोन तक्रारीची, दोन मागण्याची, दोन भरवशाची. पहिल्या दोनांतच ‘कोठवर’ चार वेळा येतं. देवाला एकच प्रश्न चारदा विचारायचा म्हणजे जवळजवळ भांडणच, आणि आमच्या घरी प्रार्थनेची सुरुवात आभारानेच व्हायची. माझ्या पहिल्या खर्ड्यात तिसऱ्याच ओळीला ‘तरी तुझी इच्छा’ येऊन बसली. मोठ्याने वाचलं, तर आवाज नेमका त्या ओळीवरून घाईघाईने घसरत होता. खोडली.

मग अडलं शत्रूपाशी. स्तोत्रात शत्रू आहे, पण कोण ते सांगितलेलं नाही. मथळ्यात ‘मुख्य गवयासाठी’ असं आहे. म्हणजे चारचौघांत गायचं आणि ज्याने त्याने आपला शत्रू त्यात बसवायचा. माझ्याकडे कुठला गवई? वाचणारा मी एकटा. मग मोघम कशाला ठेवा?

कोठवर मी दार उघडू आणि त्या कुप्या बघू?
कोठवर थंड ठेवू, जे आता कुणाला टोचायचं नाही?

दुसऱ्या ओळीने पहिलीचंच बोलणं उचलून थोडं पुढे न्यायचं, ही हिब्रू कवितेची चाल. यमक लागत नाही, म्हणून मला झेपली.

मागणं सोपं गेलं. स्तोत्रकार तिथे देवाला चक्क कारण देतो: ऐक, नाहीतर शत्रू म्हणेल, मी जिंकलो. मी लिहिलं, झोप दे, नाहीतर उद्याही गिऱ्हाइकांवर खेकसेन.

खरं अवघड ते वळण. ‘मी तर’ म्हणून तो वळतो; मूळ हिब्रूत तो एकच शब्द आहे. परिस्थिती काडीभर बदललेली नसते. आणि भरवसा ‘ठेवीन’ नाही म्हणत, ‘ठेवला आहे’ म्हणतो. माझ्याकडे ठेवलेला कुठे होता? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारावरच संपतं, तेव्हा तीही सोय आहे म्हणून दोन रात्री मी शेवट कोराच ठेवला.

तिसऱ्या रात्री दवाखान्यातली ती खुर्ची आठवली. शेवटच्या रात्री मी तिच्यात बसल्या बसल्या झोपलो होतो, आणि त्या झोपेबद्दल तीन महिने स्वतःला शिव्या देत होतो. पण झोपण्याआधी मी काय पुटपुटलो होतो, तेही आठवलं.

मी तर तिला तुझ्या हाती दिलं होतं,
दिलं होतं म्हणूनच मला झोप लागली.

हे वाचताना आवाज घसरला नाही. थांबला मात्र, मध्येच. खाली तारीख घातली नाही.